कोबाल्टचा गुलाबी आणि निळा

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कोबाल्ट क्लोराइडचे गुलाबी द्रावण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की निळे होते, हा प्रयोग मुलांना फार आवडतो. पाण्याचे सहा लिगँड असलेले अष्टफलकी संयुग जाऊन क्लोराइडचे चार लिगँड असलेले चतुष्फलकी संयुग तयार होते, चतुष्फलकी रचनेत डी ऑर्बिटलमधली ऊर्जेची फूट लहान असते, म्हणून रंग बदलतो, असे मी सांगते. यंदा एका विद्यार्थ्याने गणित करून दाखवले. निळ्या संयुगातली फूट ३,२०० प्रतिसेंटिमीटर धरली, तर शोषली जाणारी तरंगलांबी ३,००० नॅनोमीटरच्याही पुढे जाते. ती अवरक्तात येते, डोळ्यांना दिसतच नाही. मग निळा रंग येतो कुठून? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थ्याचे गणित अचूक आहे. तेच गणित त्याने गुलाबी द्रावणासाठी केले असते, तर तिथेही अडला असता. पाण्याच्या संयुगातली फूट सुमारे ९,३०० प्रतिसेंटिमीटर आहे, म्हणजे साधारण १,०७५ नॅनोमीटर. तेही अवरक्तच. केवळ फुटीचा आकडा पाहिला तर ही दोन्ही द्रावणे रंगहीन असायला हवीत. आपण वर्गात सांगतो ती गोष्ट खोटी नाही, पण तिचा एक महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो.

आधी फूट का पडते ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. एका चौकोनी खोलीच्या अगदी मधोमध कोबाल्टचा आयन आहे असे समजा. अष्टफलकी रचनेत सहा लिगँड चार भिंतींच्या मध्यावर, छताच्या मध्यावर आणि जमिनीच्या मध्यावर बसतात. पाच डी ऑर्बिटलपैकी दोघांच्या पाकळ्या थेट या सहा जागांकडे रोखलेल्या असतात. उरलेल्या तिघांच्या पाकळ्या भिंती जिथे एकमेकींना मिळतात त्या कडांच्या मध्याकडे वळलेल्या असतात. लिगँडवरचा ऋण भार इलेक्ट्रॉनला दूर लोटतो, म्हणून दोघांचा गट वर जातो आणि तिघांचा खाली राहतो.

चतुष्फलकी रचनेत लिगँड खोलीच्या आठ कोपऱ्यांपैकी एकाआड एक अशा चार कोपऱ्यांत बसतात. आता कोणत्याच ऑर्बिटलचा नेम थेट लिगँडवर नसतो. पण कडेच्या मध्यापासून कोपऱ्याची दिशा सुमारे ३५ अंशांवर आहे, भिंतीच्या मध्यापासून ती ५५ अंशांवर. त्यामुळे तिघांच्या गटाला जास्त त्रास होतो आणि क्रम उलटतो : तिघे वर, दोघे खाली. लिगँड सहाऐवजी चार, म्हणून परिणाम दोन-तृतीयांश. नेम तिरका, म्हणून आणखी दोन-तृतीयांश. दोन्हींचा गुणाकार चार-नवमांश. लिगँड आणि अंतर तेच ठेवले तर चतुष्फलकी फूट अष्टफलकीच्या चार-नवमांश येते, ती अशी. ९,३०० चे चार-नवमांश सुमारे ४,१०० होतात. निळ्या संयुगात प्रत्यक्षात ३,२०० मिळतात, कारण क्लोराइड हा पाण्यापेक्षा दुबळा लिगँड आहे.

१९२९ साली हान्स बेथे यांनी ही मांडणी केली तेव्हा त्यांच्यासमोर स्फटिकातले आयन होते. पुढे व्हॅन व्ह्लेक यांनी ती चुंबकत्वाला लावून दाखवली. पाठ्यपुस्तके समजावण्यासाठी टायटॅनियमचे उदाहरण घेतात, आणि ते योग्यच आहे. टायटॅनियमच्या त्रिधनभारित आयनात डी इलेक्ट्रॉन एकच. तो खालच्या गटातून वरच्या गटात उडी मारतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा बरोबर फुटीइतकी असते : २०,३०० प्रतिसेंटिमीटर, ४९३ नॅनोमीटर. निळसर हिरवा प्रकाश शोषला जातो आणि द्रावण जांभळे दिसते.

कोबाल्टच्या द्विधनभारित आयनात मात्र सात इलेक्ट्रॉन आहेत, आणि ते फक्त लिगँडलाच नव्हे, एकमेकांनाही लोटतात. आपला विद्यार्थी नेमका इथे अडला. एक इलेक्ट्रॉन खालून वर गेला की बाकीच्या सहांशी त्याचे अंतर बदलते. ही उडी अनेक प्रकारे होऊ शकते. काही प्रकारांत इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ऐसपैस राहतात, काहींत त्यांची दाटी होते. दाटी होणाऱ्या मांडणीसाठी फुटीच्या जोडीला परस्पर प्रतिकर्षणाची किंमतही मोजावी लागते, आणि ती किंमत लहान नाही. लिगँड नसलेल्या मोकळ्या कोबाल्ट आयनात अशा दोन मांडण्यांमधला फरक सुमारे १४,६०० प्रतिसेंटिमीटर आहे. लिगँड जवळ आले की इलेक्ट्रॉन थोडे त्यांच्याकडे पसरतात आणि हा फरक घटतो : पाण्यात १२,६०० च्या आसपास, क्लोराइडमध्ये १०,७०० च्या आसपास.

आता फूट आणि प्रतिकर्षण एकत्र घेऊन हिशेब केला की पाण्याच्या संयुगाचे शोषण १९,६०० प्रतिसेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे साधारण ५१० नॅनोमीटर. हा हिरवा प्रकाश. तो गेला की उरते ते गुलाबी. क्लोराइडच्या संयुगाचे शोषण १४,७०० च्या आसपास, सुमारे ६८० नॅनोमीटरला. प्रत्यक्ष वर्णपटात हा पट्टा ६१० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत रुंद पसरलेला असतो, त्यात दोन-तीन शिखरे असतात आणि सर्वांत उंच शिखर ६९० च्या जवळ असते. नारंगी आणि लाल शोषले गेले, निळे उरले. विद्यार्थ्याने काढलेली ३,२०० ची उडी खरोखर घडते, पण ती अवरक्तात घडते आणि रंगात तिचा वाटा नसतो. डोळ्यांना दिसणारे काम वरच्या, दाटीच्या उडीचे आहे. तेव्हा ‘फूट लहान म्हणून निळा’ हे वाक्य ‘फूट लहान, आणि क्लोराइडमुळे इलेक्ट्रॉनमधले प्रतिकर्षणही कमी, म्हणून निळा’ असे पुरे करायला हवे.

रंगाचा विचार करताना छटेइतकीच तिची गडदता बघायला मुलांना जरूर सांगा. एकाच तीव्रतेचे गुलाबी आणि निळे द्रावण शेजारी ठेवले तर गुलाबी फिकट दिसते आणि निळे डोळ्यांत भरते. आकड्यांत सांगायचे तर मोलर शोषणांक गुलाबीचा ५ च्या आसपास, निळ्याचा ६०० च्या आसपास. यामागेही भूमितीच आहे. अष्टफलकी रचनेत प्रत्येक लिगँडच्या बरोबर समोर, केंद्रापलीकडे, दुसरा लिगँड असतो. अशा रचनेत प्रकाश शोषून एका डी ऑर्बिटलमधून दुसऱ्या डी ऑर्बिटलमध्ये उडी मारायला सममिती मज्जाव करते. लिगँड कंप पावताना ही सममिती क्षणभर बिघडते, तेवढ्यापुरत्या थोड्या उड्या होतात आणि फिकट गुलाबी रंग मिळतो. चतुष्फलकी रचनेत कोपऱ्यातल्या लिगँडच्या समोरचा कोपरा रिकामा असतो, केंद्रसममिती मुळातच नाही. डी ऑर्बिटलमध्ये थोडे पी ऑर्बिटल मिसळते आणि मज्जाव सैल होतो. याचा एक व्यावहारिक परिणाम असा की द्रावणातला जेमतेम शंभरावा भाग कोबाल्ट निळ्या रूपात गेला, तरी त्याचे शोषण उरलेल्या सगळ्या गुलाबीच्या तोडीस तोड होते. म्हणून जांभळ्या टप्प्यावर ‘अर्धे अर्धे झाले’ असा निष्कर्ष काढू नये. तिथे निळे अजून फार थोडे असते.

आणि एक सावधगिरी. निळा दिसला म्हणजे चतुष्फलकीच, असे नाही. पूर्ण सुकवलेली कोबाल्ट क्लोराइडची भुकटी आकाशी निळी असते, पण तिच्या स्फटिकात प्रत्येक कोबाल्टभोवती सहा क्लोराइड आहेत, रचना अष्टफलकी आहे. दुबळ्या लिगँडमुळे शोषण लांब तरंगलांबीकडे सरकले, एवढेच. नुसत्या रंगावरून भूमिती ठरवायला गेले की गफलत होते. शोषणाची तीव्रता मोजावी, आणि त्याहून चांगले म्हणजे चुंबकाला विचारावे.

प्रश्न : त्याच विद्यार्थ्याची पुढची शंका. दोन्ही रचनांत कोबाल्टचे अयुग्मित इलेक्ट्रॉन तीनच येतात. मग चुंबकीय मोजणीवरून अष्टफलकी की चतुष्फलकी हे कसे कळणार?

उत्तर : मोजून बघा, तिन्ही इलेक्ट्रॉन बरोबर सापडतात. अष्टफलकीत खालच्या तिघांच्या गटात पाच इलेक्ट्रॉन आणि वरच्या दोघांत दोन. चतुष्फलकीत खालच्या दोघांत चार आणि वरच्या तिघांत तीन. दोन्हीकडे एकटे इलेक्ट्रॉन तीन. अयुग्मित इलेक्ट्रॉनच्या संख्येत दोन मिळवून तिनेच गुणले आणि वर्गमूळ काढले की पंधराचे वर्गमूळ येते, म्हणजे ३.८७ बोर मॅग्नेटॉन.

प्रत्यक्ष मोजले तर दोन्ही संयुगे या आकड्याच्या वर जातात, पण वेगवेगळी. अष्टफलकी कोबाल्ट बहुधा ४.७ ते ५.२ देतो, चतुष्फलकी ४.३ ते ४.७. हा जादा चुंबकत्वाचा वाटा इलेक्ट्रॉनच्या स्वतःभोवतीच्या फिरकीचा नाही. तो अणुकेंद्राभोवतीच्या भ्रमणाचा आहे.

इलेक्ट्रॉनला केंद्राभोवती खऱ्या अर्थाने फिरायचे असेल तर त्याला एका ऑर्बिटलमधून तितक्याच ऊर्जेच्या, फिरवल्यावर त्याच जागी येणाऱ्या दुसऱ्या ऑर्बिटलमध्ये जाता आले पाहिजे, आणि तिथे त्याच्यासाठी जागा असली पाहिजे. अष्टफलकी कोबाल्टमध्ये तिघांच्या गटात सहा जागा आणि पाच इलेक्ट्रॉन, एक जागा रिकामी. ती रिकामी जागा एकातून दुसऱ्यात फिरत राहते, भ्रमण चालू राहते, चुंबकत्व वाढते. चतुष्फलकीत तिघांच्या गटात तीन इलेक्ट्रॉन, प्रत्येक ऑर्बिटलमध्ये एकेक, सगळ्यांची फिरकी एकाच दिशेची. शेजारच्या ऑर्बिटलमध्ये त्याच फिरकीचा इलेक्ट्रॉन आधीच बसलेला, म्हणजे हलायला वाव नाही. खालचा दोघांचा गट तर पूर्ण भरलेला. भ्रमण थांबते.

मग चतुष्फलकीत ३.८७ च का येत नाही? कारण इलेक्ट्रॉनची फिरकी आणि भ्रमण यांच्यात एक जोड असते, आणि ती वरच्या पातळीचा थोडा अंश तळच्या पातळीत मिसळते. वरची पातळी जितकी जवळ, तितकी ही मिसळण जास्त. आणि वरची पातळी किती जवळ आहे हे तुमच्या विद्यार्थ्याच्या त्या ३,२०० च्या आकड्याने ठरते. रंगात ज्याचा उपयोग झाला नाही, तो आकडा इथे कामाला येतो. कोबाल्टसाठी या जोडीचा स्थिरांक १७२ प्रतिसेंटिमीटर आहे. त्याची चौपट ६८८. तिला ३,२०० ने भागले की ०.२१५. म्हणजे ३.८७ मध्ये साडेएकवीस टक्के वाढ, उत्तर ४.७०. टेट्राक्लोरोकोबाल्टेटच्या क्षारांची मोजणी याच्याच आसपास येते.

आता क्लोराइडच्या जागी थायोसायनेट घ्या, जे नायट्रोजनच्या बाजूने जोडले जाते. हा जास्त बळकट लिगँड, फूट ४,६०० च्या आसपास. ६८८ भागिले ४,६०० म्हणजे ०.१५. उत्तर सुमारे ४.४५. फूट वाढली की चुंबकत्व घटले. फुटीचा असा थेट, मोजता येणारा परिणाम फार थोड्या ठिकाणी इतका स्वच्छ दिसतो.

हा आकडा तुम्ही स्वतः पडताळू शकता, कारण हे संयुग चुंबकीय मोजणीच्या प्रयोगशाळांत नेहमी असते. मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेट, Hg[Co(NCS)<sub>4</sub>], ही गडद निळी भुकटी गूई तराजूचे प्रमाण म्हणून वापरतात. काचेच्या नळीत भुकटी भरायची, नळी संवेदनशील तराजूला टांगायची, तिचे खालचे टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये येईल अशी. चुंबक चालू केला की अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेली भुकटी खाली ओढली जाते आणि वजन काही मिलिग्रॅम वाढल्यासारखे दिसते. या प्रमाणाची दर ग्रॅमची ग्रहणक्षमता २० अंश सेल्सिअसला १६.४४ × १०<sup>−६</sup> आहे. तिला मोलर वस्तुमान ४९१.९ ने गुणले की ०.००८०९. बंद जोड्यांतल्या इलेक्ट्रॉनमुळे येणारी उलटी ओढ भरून काढायला त्यात सुमारे ०.०००१९ मिळवायचे : ०.००८२८. याला २९३ केल्व्हिनने गुणून वर्गमूळ काढायचे, १.५५८. त्याला २.८२८ ने गुणले की ४.४० बोर मॅग्नेटॉन. वर कागदावर काढलेल्या ४.४५ च्या किती जवळ आहे पाहा.

या मोजणीत सर्वाधिक चुका नळी भरताना होतात. भुकटी कुठे दाबलेली, कुठे मोकळी राहिली की ओढ बदलते, म्हणून थोडी थोडी घालून प्रत्येक वेळी नळी टेबलावर सारखी आपटावी लागते. लोखंडी चमच्यातून आलेला बारीकसा कणही निकाल कितीतरी वर नेतो. आकडा ५.५ च्या वर जाऊ लागला तर नमुन्यात लोखंड शिरले असावे असा पहिला संशय घ्यावा. पारा असलेली ही भुकटी विषारी आहे, हे मात्र मुलांच्या हाती देण्याआधी लक्षात असू द्या.

प्रश्न : आम्ही निकेल क्लोराइडच्या हिरव्या द्रावणातही तीव्र आम्ल घातले, उकळलेसुद्धा. ते निळे झालेच नाही. का? – बारावीचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : छान केलेस, दोन्ही शेजारी ठेवले की फरक कळतो. निकेलच्या द्रावणाला फार तर पिवळसर हिरवी झाक येते, कारण काही पाण्याच्या जागी क्लोराइड येतो, पण रचना सहा लिगँडचीच राहते.

अष्टफलकीत खालच्या गटातला प्रत्येक इलेक्ट्रॉन फुटीच्या ०.४ पट फायदा देतो, वरचा प्रत्येक ०.६ पट तोटा. चतुष्फलकीत उलट : खालचा ०.६ फायदा, वरचा ०.४ तोटा, आणि फूट चार-नवमांश. कोबाल्टला अष्टफलकीत २.० वजा १.२, म्हणजे ०.८ चा फायदा. चतुष्फलकीत २.४ वजा १.२, म्हणजे १.२, पण तो चार-नवमांश फुटीवर, म्हणून ०.५३. रचना बदलताना तोटा ०.२७ चा. निकेलला आठ इलेक्ट्रॉन. अष्टफलकीत २.४ वजा १.२, फायदा १.२. चतुष्फलकीत २.४ वजा १.६, म्हणजे ०.८, आणि चार-नवमांश करून ०.३६. तोटा ०.८४ चा, कोबाल्टच्या तिपटीहून जास्त. कोबाल्टचा तोटा लहान असल्याने भरपूर क्लोराइड आणि उष्णता तो भरून काढतात. या अभिक्रियेत पाच कणांपासून सात कण होतात आणि ती उष्णता शोषून घेते. म्हणूनच कोबाल्टचे द्रावण गरम केल्यावर निळे होते आणि बर्फात पुन्हा गुलाबी. निकेलला पाण्यात हा पल्ला गाठणे जमत नाही.

प्रश्न : पुस्तकात म्हटले आहे की चतुष्फलकी संयुगे नेहमी उच्च फिरकीची असतात. ‘नेहमी’ म्हणजे खरेच नेहमी का? – रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : जोडी लावायची की वरच्या गटात जायचे, हे फूट आणि जोडी लावण्याची किंमत यांच्या तुलनेवर ठरते. अष्टफलकी कोबाल्टच्या त्रिधनभारित आयनात ही किंमत सुमारे २१,००० प्रतिसेंटिमीटर आहे. भोवती सहा फ्लोराइड असतील तर फूट १३,०००, जोडीपेक्षा कमी. म्हणून चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात आणि संयुग चुंबकाकडे ओढले जाते. भोवती सहा अमोनिया असतील तर फूट २३,०००. सहाही इलेक्ट्रॉन खालच्या गटात जोडीने बसतात आणि चुंबक संयुगाला किंचित दूर लोटतो.

चतुष्फलकीत याच अमोनियाची फूट चार-नवमांश झाली तर १०,००० च्या जरा वर जाते. जोडीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत कशीबशी. सर्वसाधारण लिगँडने २१,००० ओलांडायचे तर त्याच लिगँडची अष्टफलकी फूट ४७,००० असायला हवी, आणि पहिल्या ओळीच्या धातूंत अशी फूट कुठे आढळत नाही. म्हणून पुस्तकातला ‘नेहमी’ जवळजवळ खरा आहे.

अपवाद एक सांगतो, कारण तो सुंदर आहे. १९७२ साली बोवर आणि टेनंट यांनी कोबाल्टभोवती नॉर्बोर्निल नावाचे चार दणकट कार्बनी गट बसवून एक संयुग बनवले. हे गट इतके जाड की पाचवा लिगँड मध्ये शिरूच शकत नाही, आणि कार्बन-धातू बंध इतका मजबूत की फूट प्रचंड. कोबाल्ट इथे चतुर्धनभारित आहे, म्हणजे डी इलेक्ट्रॉन पाच. उच्च फिरकी असती तर पाचही एकटे राहिले असते. मोजल्यावर एकच एकटा सापडला : खालच्या दोघांच्या गटात चार, वर एक. चतुष्फलकी असूनही निम्न फिरकीचे.